तंबाखूचा बार, रिकामं पोट आणि रात्रीची जळजळ

छातीखाली आग पडते, आंबट पाणी घशाशी येतं, करपट ढेकरा थांबत नाहीत आणि ताट समोर आलं की अन्नावर वासनाच राहत नाही. ही तक्रार मुंबईत कुठल्याही दवाखान्यात दिवसभर ऐकू येते. कारण विचारलं तर लोक वडापावाचं नाव घेतात, जागरणाचं घेतात, 'माझी प्रकृतीच पित्ताची' असंही सांगतात. खिशातल्या पुडीचं नाव मात्र सहसा येत नाही. तंबाखूचा संबंध तोंडाशी, फार तर कॅन्सरशी, एवढंच डोक्यात बसलेलं असतं. पुडीवरचं चित्रही तोंडाचंच असतं. पण बार भरल्यावर त्याचं काम गालात संपत नाही. तो पोटापर्यंत पोचतो, आणि तेही दोन वाटांनी.

सुरुवात तळहातापासून करू. तंबाखूची चिमूट तळहातावर घेतली, डबीतून नखभर चुना लावला, अंगठ्याने मळली, थापटून भुकटी उडवली आणि ओठाखाली ठेवली. यात चुना चवीपुरता नसतो. तंबाखूतलं निकोटिन दोन रूपांत असतं. त्यातलं एक रूप तोंडाच्या अस्तरातून सहज रक्तात शिरतं आणि दुसरं शिरत नाही. आजूबाजूचं पाणी जितकं क्षारयुक्त, तितकं शिरणारं रूप जास्त. लाळेचा सामू साधारण ७ च्या आसपास असतो. चुन्यामुळे तो ८ वर गेला की निम्मं निकोटिन शिरणाऱ्या रूपात येतं आणि ९ वर गेला की दहातले नऊ भाग येतात. म्हणून चुन्याशिवायची तंबाखू 'लागत नाही' आणि चुना जास्त झाला की चक्कर येते. तोच चुना ओठाचं अस्तरही भाजून काढतो, त्यामुळे निकोटिनला आत शिरायला आणखी सोपं जातं.

ही झाली पहिली वाट, म्हणजे तोंडातून रक्तात. दुसरी वाट गिळण्याची. बार तोंडात असला की लाळ भराभर सुटते, आणि ती थुंकायची तरी नाहीतर गिळायची तरी. रस्त्यावर, टपरीपाशी माणूस थुंकतो. गर्दीच्या लोकलमध्ये, काचेच्या लॉबीत, मॉलच्या गेटवर किंवा गाडी चालवताना मागे साहेब बसलेले असले की तो गिळतो. सरावाने गिळण्याचं काही वाटेनासं होतं. आधी उचकी लागायची, मळमळायचं, आता काहीच होत नाही, म्हणून 'मला सोसते' असा समज होतो. उचकी थांबते ती सवयीमुळे. जठराच्या अस्तरावर तो रस पडतोच.

इथे लोक हमखास म्हणतात, 'आपण गिळतच नाही, सगळं थुंकून टाकतो.' त्याने पोटात जाणारा रस नक्कीच कमी होतो. पण शरीराची एक गंमतशीर वाटावी अशी रीत आहे. रक्तातलं निकोटिन फिरत फिरत जठराच्या भिंतीत पोचतं आणि तिथून जठराच्या रसात उतरतं. जठरातलं आम्ल त्याचं रूप बदलतं आणि बदललेल्या रूपातलं निकोटिन पुन्हा रक्तात परतू शकत नाही. ते तिथेच अडकून साठतं. त्यामुळे जठराच्या रसात रक्तापेक्षा कितीतरी पट जास्त निकोटिन सापडतं. थुंकणाऱ्याचं पोटही तंबाखूपासून सुटत नाही, ते असं.

जळजळ नेमकी कुठून येते

अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथे स्नायूची एक गोल झडप असते. पिशवीच्या नाडीसारखी ती एरवी आवळलेली असते. घास खाली जाताना सैल होते आणि लगेच पुन्हा आवळते. जठराचं अस्तर आम्ल सोसायला बनलेलं आहे, अन्ननलिकेचं नाही, म्हणून या झडपेवर बरंच काही अवलंबून असतं. निकोटिन स्नायूला सैल करतं. रक्तात निकोटिन असेपर्यंत झडपेचा आवळ कमी राहतो, जठरातलं आम्ल वर चढतं आणि छातीच्या मधल्या हाडामागे जळतं. माणूस सांगताना 'पोटात जळजळ' म्हणतो, पण हात ठेवायला सांगितला तर तो बऱ्याचदा छातीवर जातो. हात कुठे जातो याकडे नीट लक्ष द्या, त्यावरून बरंच कळतं. आडवं झाल्यावर किंवा वाकल्यावर वाढणारी, घशापर्यंत येणारी जळजळ ही झडपेची गोष्ट आहे. बेंबीच्या वर, रिकाम्या पोटी कुरतडल्यासारखं दुखत असेल तर ते जठराच्या किंवा त्यापुढच्या आतड्याच्या अस्तराचं असू शकतं.

सिगारेट आणि तंबाखू यांत इथे एक फरक पडतो. सिगारेटचं निकोटिन काही मिनिटांत चढतं आणि लवकर उतरू लागतं. बारातलं निकोटिन सावकाश, साधारण अर्ध्या तासात वर जातं आणि बार काढून टाकल्यावरही बराच वेळ टिकून राहतं. रक्तातलं निकोटिन निम्मं व्हायला सुमारे दोन तास लागतात. म्हणजे दर दोन तासांनी बार भरणाऱ्याच्या अंगात आधीचं उरलेलं असतानाच नवं येऊन पडतं. सकाळी सैल झालेल्या झडपेला दिवसभर नीट आवळायची संधीच मिळत नाही.

आता जठराचं अस्तर. त्यावर बुळबुळीत थर असतो, त्या थरात आम्ल मारणारा क्षार असतो आणि खालून रक्तपुरवठा चालू असतो, म्हणून आम्ल आपल्याच भिंतीला खात नाही. निकोटिन रक्तवाहिन्या आखडतं, अस्तराचा रक्तपुरवठा घटवतं आणि झीज भरून काढण्याचं काम मंदावतं. अशा अस्तरावर तंबाखूचा रस रिकाम्या पोटी पडला तर त्याला अडवायला अन्नाचा एक कणही मध्ये नसतो. म्हणून दिवसभरातल्या बारांपैकी सकाळचा पहिला बार पोटाला सगळ्यात महाग पडतो. आणि नेमका तोच सोडायला सगळ्यात कठीण, कारण 'तंबाखू लावल्याशिवाय मोशन होत नाही.' ही गोष्ट खोटी नाही. निकोटिन मोठ्या आतड्याला चालना देतं. वर्षानुवर्षं रोज तीच ढोसणी मिळाली की आतडं तिची वाट बघत बसतं.

तिसरी बाब लाळेची आणि ती फार कमी जणांना ठाऊक असते. आपल्या तोंडात दिवसाला लिटरभर किंवा त्याहून थोडी जास्त लाळ तयार होते आणि तिच्यात आम्ल मारणारा क्षार असतो. अन्ननलिकेत आम्ल चढलं की आपण नकळत लाळ गिळतो, त्याने आम्ल खाली ढकललं जातं आणि राहिलेलं निष्प्रभ होतं. शरीराचं हे फुकटचं औषध आहे. बार भरणारा माणूस ही लाळ पिंक मारून रस्त्यावर टाकतो, नाहीतर तंबाखूचा रस मिसळून गिळतो. दोन्हीकडून तोटाच.

पान, सुपारी, मावा यांत आणखी एक भागीदार असतो. सुपारीतलं अरेकोलिन हे द्रव्य जठराला 'आम्ल सोडा' असा निरोप देणाऱ्या मज्जातंतूंचीच नक्कल करतं. सुपारी चघळल्यावर कानशिलं गरम होणं, घाम फुटणं, तोंडाला पाणी सुटणं हे सगळं त्याच नकलेतून येतं. जेवणानंतरचं पान 'पचनाला चांगलं' म्हणतात ते विड्याचं पान आणि बडीशेप यांच्यापुरतं ठेवावं. त्यात सुपारी, कात, चुना आणि किमाम आला की हिशेब बदलतो. गारेगार वाटावं म्हणून घातलेला पेपरमिंटही झडप सैल करणाराच आहे. सुपारी नुसती, तंबाखूशिवाय खाल्ली तरी ती कर्करोगकारक आहे हे पक्कं ठरलेलं आहे, त्यामुळे 'तंबाखू सोडून सुपारीवर आलो' याला सुटका म्हणता येत नाही.

भूक का मरते

पूर्वी दुष्काळात, लांबच्या पायपिटीत लोक भूक मारायला तंबाखू खायचे. आजही बांधकामावर, गोदीत, हातगाडीवर काम करणारा माणूस अकरा वाजता पोटात कावळे ओरडायला लागले की चिमूट मळतो, आणि खरंच कावळे गप्प होतात. ते कसं, हे समजलं की भुकेची तक्रार आपोआप उलगडते.

भूक मेंदूत ठरते. मेंदूच्या तळाशी एका भागात 'पोट भरलं' असं सांगणाऱ्या पेशी असतात. २०११ साली उंदरांवर केलेल्या प्रयोगांत दिसलं की निकोटिन थेट या पेशींना जागं करतं, म्हणजे न जेवताच जेवल्याचा निरोप जातो. त्याच वेळी निकोटिनमुळे अंगात ॲड्रेनलिन सुटतं. यकृत साठवलेली साखर रक्तात सोडतं. रक्तात साखर आहे म्हटल्यावर मेंदू अन्नाची घाई करत नाही. भुकेची लाट तशीही थोड्या वेळाने ओसरणारी असते. त्यात नेमका बार भरला की ती येऊन गेल्याचं कळतही नाही.

याउपर निकोटिन जठर रिकामं होण्याची गती मंद करू शकतं. सकाळचा चहा-पाव दुपारपर्यंत पोटात रेंगाळल्यासारखा वाटतो, पोट जड, फुगल्यासारखं, दोन घास खाल्ले की भरलंच. आम्ल वर येत असेल तर आणखी एक गोष्ट घडते. जेवलं की जळतं हे अंगवळणी पडलेलं असतं, म्हणून माणूस नकळत जेवण टाळू लागतो.

सुपारी, गुटखा, मावा खाणाऱ्यांत भुकेचा प्रश्न कधी कधी पोटाचा नसतोच. भूक लागते, पण खाववत नाही. सुपारीमुळे गालाच्या आतलं अस्तर कडक, पांढुरकं पडू लागतं, तिखट-मिठाचा घास झोंबतो आणि हळूहळू तोंड उघडेनासं होतं. याची घरच्या घरी करायची सोपी तपासणी आहे. स्वतःच्या हाताची मधली तीन बोटं एकत्र उभी धरून पुढच्या वरच्या आणि खालच्या दातांमध्ये घाला. तीन बोटं आरामात गेली तर तोंड ठीक उघडतंय. दोनच जात असतील, किंवा साधी आमटीही झोंबत असेल, तर आधी दातांच्या किंवा तोंडाच्या डॉक्टरकडे जा. तिथे पित्ताच्या गोळीने काही होणार नाही. तोंडाची ही अवस्था पुढे कर्करोगाकडे जाऊ शकते. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण पानमसाला आणि तंबाखूच्या वेगवेगळ्या पुड्या घेऊन त्या तोंडात एकत्र करणारे आहेतच. अस्तराला पुडी एक की दोन याने फरक पडत नाही.

चवीचंही तसंच. सतत चुना आणि तंबाखू लागून जिभेची चव बोथट होते. भाजी अळणी लागते, मग वरून लसणाची चटणी, ठेचा, लोणचं येतं. जळणाऱ्या पोटात तिखट वाढत जातं, आणि घरची मंडळी स्वयंपाकाला नाव ठेवल्याचं वाईट वाटून घेतात.

एका दिवसाचा हिशेब

एक उदाहरण मांडू. वय ४२, राहायला कळव्याला, वांद्रे-कुर्ला संकुलात एका इमारतीत सिक्युरिटीची बारा तासांची ड्युटी, सकाळी आठ ते रात्री आठ. पुडी रोज एक.

पहाटे सव्वापाचला उठून पहिला बार, त्याशिवाय पोट साफ होत नाही. पावणेसहाला अर्धा कप चहा, सोबत काही नाही. लोकल पकडण्याआधी दुसरा बार. आठनंतर लॉबीत थुंकायची सोय नाही, म्हणून पुढचा सगळा रस पोटात. नऊला एक बार, अकराला भूक लागते तेव्हा आणखी एक. दीडला डबा उघडतो, चार चपात्यांपैकी दोन परत जातात, आणि वर एक बार. तीन, पाच आणि सात वाजता चहानंतर बार. घरी पोचून पावणेदहाला जेवण, आणि दिवसभर पोटात फारसं काही गेलेलं नसल्याने या वेळी ताट भरून, तेही झणझणीत. साडेदहाला शेवटचा बार, पावणेअकराला आडवा. रात्री एकला आंबट पाणी घशात येऊन जाग येते. उठून सोडा पितो, ढेकर येतो, बरं वाटतं, पुन्हा झोपतो.

आता यात पोटाच्या बाजूने बघू. पहाटेपासून झोपेपर्यंत निकोटिन पूर्ण उतरायला एकदाही सलग चार तास मिळालेले नाहीत. जठराला पहिलं खरं अन्न दीड वाजता मिळालं, म्हणजे आठ तासांत चार बार आणि अर्धा कप चहा. रात्रीचं मोठं जेवण जठरात असताना झडप सैल करणारा बार भरला आणि पंधरा मिनिटांत आडवं होऊन आम्लाला वर चढायची वाट सपाट करून दिली. झोपेत माणूस लाळ फार कमी गिळतो, त्यामुळे चढलेलं आम्ल तासभर तिथेच राहू शकतं. सोड्याने ते आम्ल मरतं, पण त्यातून निघालेल्या वायूने पोट ताणतं आणि झडप आणखी उघडते. म्हणून लगेच आराम आणि तासाभरात पुन्हा तेच.

हा माणूस मेडिकलमधून 'गॅसची गोळी' घेतो, पण घेतो ती जेवण झाल्यावर जळायला लागलं की. पँटोप्राझोलसारख्या गोळ्या आम्ल बनवणारे पंप बंद करतात आणि ते पंप जेवणाने जागे होतात. म्हणून गोळी नाश्त्याच्या साधारण अर्धा तास आधी, उपाशीपोटी घ्यायची असते. नीट घेतली तर जळजळ कमी होईलही. पण गोळी झडप आवळत नाही, भूक परत आणत नाही आणि अस्तरावर पडणारा तंबाखूचा रसही थांबवत नाही. महिनोन्‌महिने स्वतःच्या मनाने घेतली तर आत वाढत असलेला व्रण किंवा गाठ झाकली जाण्याचा धोका असतो.

याच्या दिवसात कुठे हात घालायचा? बारांची संख्या नवावरून पाचवर आणण्यापेक्षा वेळा आधी बदला. पहाटेचा बार बंद करून त्या जागी ग्लासभर कोमट पाणी, आणि चहासोबत चपाती किंवा दोन इडल्या. सुरुवातीचे काही दिवस पोट साफ होणार नाही, हे धरून चाला. रोज त्याच वेळी शौचाला बसणं, पाणी आणि पालेभाजी, फळं याने बहुतेकांचं एक-दोन आठवड्यांत जुळतं. अकराच्या भुकेला बार भरण्याऐवजी खायला काहीतरी, मूठभर चणे किंवा केळं. रात्रीचं जेवण झोपायच्या आधी तीन तास जमत नसेल, आणि बारा तासांच्या ड्युटीत ते कुणालाच जमत नाही, तर आठला सुटल्यावर स्टेशनवर पोटभर खाऊन घरी हलकं खावं. जेवणानंतरचा बार तर मुळीच नको. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली वीतभर उंचीच्या विटा ठेवल्या तरी रात्रीचं आम्ल खाली राहायला मदत होते. नुसत्या दोन उशा घेऊन भागत नाही, त्याने पोट दुमडतं.

हे बदल जळजळ कमी करतील, पण तोंडाच्या आणि अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका त्यांनी जात नाही, म्हणून इथे थांबू नये.

तंबाखूच कारण आहे हे कसं ओळखायचं

सगळी जळजळ तंबाखूची नसते. जठरातला हेलिकोबॅक्टर नावाचा जंतू आपल्याकडे फार जणांत असतो, अंगदुखीच्या गोळ्या अस्तर खातात, पित्ताशयातले खडेही पोट दुखवतात. फरक कळण्याचा सगळ्यात सरळ मार्ग म्हणजे दोन आठवडे तंबाखू आणि सुपारी पूर्ण बंद ठेवून बघणं. आधी एक आठवडा साध्या वहीत तीन गोष्टी लिहा. बार किती वाजता आणि गिळला की थुंकला, काय आणि किती खाल्लं, जळजळ कधी झाली. मग बंद करा आणि वही चालू ठेवा.

पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात वाईट जातात. चिडचिड, डोकं जड, झोप नाही, बद्धकोष्ठ. त्याच काळात भूक मात्र दणकून परत येते, आणि ती इतकी येते की वजन थोडं वाढतं. भुकेचं हे परतणंच मोठी खूण आहे. जळजळही दोन आठवड्यांत बरीच उतरली तर कारण सापडलं. भूक आली पण जळजळ तशीच राहिली, तर दुसरं काहीतरी आहे, तपासून घ्या.

तलफ सांभाळायला निकोटिनचं गम घेत असाल तर ते च्युइंगमसारखं चघळू नका. तसं चघळलं की निकोटिन लाळेतून पोटात जातं, उचकी लागते, पुन्हा जळजळ होते, आणि माणूस 'गमने पित्त वाढतं' म्हणून सोडून देतो. काही वेळा सावकाश चावायचं, जिभेला झिणझिण्या आल्या की गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायचं, झिणझिण्या गेल्या की पुन्हा चावायचं, असं साधारण अर्धा तास. त्याआधी पंधरा मिनिटं चहा, लिंबूपाणी, सरबत नको, त्यातल्या आम्लाने निकोटिन तोंडात शोषलं जात नाही. गम २ आणि ४ मिलीग्रॅमचं मिळतं. उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पहिला बार लागत असेल तर सहसा ४ चं लागतं. पोटात व्रण निघालेला असेल, हृदयाचा आजार असेल किंवा स्त्री गरोदर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. तंबाखू सोडण्यासाठी सरकारची मोफत फोनसेवा आहे, क्रमांक १८००-११-२३५६. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातही ही सेवा चालवली जाते.

वाट न बघता डॉक्टरकडे जायची कारणं वेगळी आहेत. घास अडकतो, न ठरवता वजन उतरतंय, शौच डांबरासारखी काळी होते, उलटीत रक्त किंवा कॉफीच्या गाळासारखं काही दिसतं, उलट्या थांबत नाहीत, यातलं एक जरी असलं तर दोन आठवड्यांचा प्रयोग करत बसू नका. आणि छातीतली जळजळ घाम फुटून, दम लागून, हाताकडे किंवा जबड्याकडे पसरत असेल तर ती पित्ताची आहे असं धरूच नका. तंबाखू हृदयाच्या रक्तवाहिन्यांवरही काम करत असते, आणि हृदयविकाराचा झटका 'ॲसिडिटी' समजून सोडा पिण्यात गेलेला वेळ परत मिळत नाही. १०८ ला फोन करा.

केईएम, सायन, नायर या मोठ्या रुग्णालयांत पोटविकाराचे विभाग आहेत. तिथे गेल्यावर 'तंबाखू खाता का' याचं उत्तर पूर्ण द्या. दिवसाला किती पुड्या, पहिला बार किती वाजता, गिळता की थुंकता, रात्री गालात ठेवून झोपता का. मशेरी लावणाऱ्या बायका बऱ्याचदा 'नाही' म्हणतात, कारण त्या तिला दात घासणं समजतात. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच आहे, आणि ती नेमकी पहाटे उपाशीपोटी लावली जाते, तासभर तोंडात राहते आणि लाळेबरोबर गिळली जाते. सकाळी मळमळतं, नाश्ता जात नाही अशी तक्रार असेल तर मशेरीचं जरूर सांगावं.

दुर्बिणीची तपासणी करायची ठरली तर सहसा सहा ते आठ तास उपाशी राहायला सांगतात. या काळात तंबाखू, सुपारी, मशेरी, गम काहीच नको. 'बार म्हणजे जेवण नव्हे' म्हणून बरेच जण रांगेत उभे असताना चिमूट लावतात. त्याने जठरात रस साठतो, दुर्बिणीतून नीट दिसत नाही, तपासणीत उलटी होऊन ती श्वासनलिकेत जाण्याची भीती असते, आणि मग पुढची तारीख घेऊन परत यावं लागतं.